झुल्मिराच्या स्वयंपाकघरातली चिलटं

झुल्मिराची बोटं मदेरा बेटाच्या आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होती. समुद्रालगतच्या केळ्यांच्या शेडमध्ये तिनं एकतीस वर्षं काम केलं. वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांतून माणसं खांद्यावर घड घेऊन उतरायची. झुल्मिरा वाकड्या सुरीनं एकेक फणी सोडवायची, चीक निघून जावा म्हणून हौदाच्या पाण्यात सोडायची, आणि बाहेर काढताना नुसतं चाचपून सांगायची की ही बोटीवर चढेल, ही फुंशाल शहराच्या बाजारापर्यंत टिकेल, आणि ही आज संध्याकाळीच कुणीतरी खाऊन टाका. तिचं सहसा चुकायचं नाही. कधी चुकलंच तर ती ते कबूल करायची नाही, आणि शेडमध्ये कुणाची छाती व्हायची नाही तिला ते दाखवून द्यायची.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी लिसांद्रा एकोणीस वर्षांपूर्वी कामासाठी जर्सी बेटावर गेली ती तिकडचीच झाली. मदेरातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी असं बाहेर आहे, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं वाटत नाही. निदान तसं दाखवत तरी कुणी नाही. झुल्मिराचं दोन खोल्यांचं घर, मागे आंब्याचं झाड, पुढे अंजीर, आणि स्वयंपाकघरात आढ्याच्या हुकाला टांगलेला केळ्यांचा घड. घड खालून वर हळूहळू पिवळा होत जायचा आणि ती फणी फणी काढून खायची. उन्हाळा संपताना आंबे उतरायचे. ते ती ओट्यावर वर्तमानपत्रावर एका रांगेत मांडून ठेवायची. पिकलेलं फळ घरात दिसत असलं की घर भरल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. एकट्या बाईला घर भरल्यासारखं वाटायला काहीतरी लागतंच.

फळं आली की चिलटं येणारच, आणि चिलटांवर औषध मारायचं नाही हा त्या घरातला कायदा होता. कायदा झुल्मिराचाच. तिचा नवरा फिर्मिनू याच्या पाठीवर जन्मभर फवारणीचा पंप होता. तोंडाला फडकं बांधणं त्याला बायकी वाटायचं. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या शर्टाला गोडसर, डोकं धरणारा वास यायचा. तो शर्ट झुल्मिरा अंगणातल्या दगडी टाकीत हातांनी धुवायची आणि रात्रभर तिच्या मनगटांना खाज सुटायची. शेवटची तीन वर्षं फिर्मिनू खुर्चीत बसून श्वास ओढत होता. औषधानंच असं झालं, असं कुठल्याही डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. पण तो गेल्यावर तिनं घरातले सगळे डबे गोळा करून बाहेर काढले आणि त्यानंतर मुंगीलासुद्धा औषध घातलं नाही.

फिर्मिनूची एक गोष्ट मात्र तिनं जपून ठेवली होती. फळझाडांवर बसणाऱ्या फळमाशीसाठी तो झाडांना बाटल्या टांगायचा. प्लास्टिकच्या बाटलीच्या खांद्याला तापल्या सळईनं चार भोकं पाडायची, आत द्राक्षारसाचं व्हिनेगर आणि साखर घालायची, आणि बाटली फांदीला लटकवायची. माशी वासानं आत शिरते आणि बुडते. त्याचा नियम असा की एकदा टांगलेल्या बाटलीला फळं उतरेपर्यंत हात लावायचा नाही. वास जितका जुना तितकी माशी लांबून येते, असं तो सांगायचा, आणि अंजिराच्या बाबतीत ते खरं ठरत आलं होतं. त्या वर्षी जूनमध्ये स्वयंपाकघरात चिलटं जरा जास्तच दिसायला लागली तेव्हा झुल्मिरानं तशाच तीन बाटल्या तयार केल्या. चिलटं केळ्यावर जीव टाकतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून व्हिनेगरात पिकल्या केळ्याची एकेक जाड फोडही टाकली. एक बाटली खिडकीत, एक कपाटावर, एक मोरीजवळ. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर चिलटांनी काळं झालं होतं. तिला बरं वाटलं. नियमाप्रमाणे तिनं बाटल्यांना हात लावला नाही. फक्त वास कमी झालासा वाटला की वरून केळ्याची नवी फोड आत ढकलायची.

ऑगस्टच्या शेवटी लिसांद्रा तीन आठवड्यांसाठी आली. बॅग दारात ठेवून ती आत गेली. घडाभोवती चिलटांचा ढग होता. हात हलवला की तो विस्कटायचा आणि पुन्हा जमायचा. कॉफीच्या कपात एक पडलं, ते तिनं चमच्यानं काढलं, तोवर दुसरं पडलं.

"आई, हे काय आहे?"

"चिलटं आहेत. तुमच्याकडे नसतात का?"

"असतात. मला माहीत आहेत, म्हणून तर विचारतेय."

लिसांद्रा जर्सीमध्ये एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे आणल्या जाणाऱ्या म्हाताऱ्यांची कहाणी तिनं इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ झाली होती. मुलगा किंवा सून सांगायची की आधी घरात चिलटं दिसायला लागली, मग करपलेलं भांडं, मग आईनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. आणि पहिल्याच संध्याकाळी तिला मोरीखाली काळंठिक्कर पडलेलं एक पातेलं सापडलं. झुल्मिरानं ते घासायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे, तिच्या म्हणण्याप्रमाणे.

सोमवारी लिसांद्रा दुकानातून फवाऱ्याचा डबा घेऊन आली. झुल्मिरानं तो उचलला आणि अंगणाच्या भिंतीवर नेऊन ठेवला. लिसांद्रानं तो परत आत आणला. झुल्मिरानं परत बाहेर ठेवला. शेजारचा गास्पार भिंतीपलीकडून हे बघत होता. तो म्हणाला की डब्याला एवढं फिरवायचंच असेल तर चर्चपर्यंत नेऊन आणा, मिरवणूक तरी होईल. गास्पार झुल्मिराहून दोन वर्षांनी मोठा, कोंबड्या आणि द्राक्षं बाळगणारा माणूस.

मंगळवारी जेवताना लिसांद्रानं सांगून टाकलं. वरच्या गावात चर्चचा वृद्धाश्रम आहे, तिथे एक जागा रिकामी होते आहे. तिनं जर्सीहून फोन करून अर्ज केला होता. तेव्हा नुसतीच चौकशी म्हणून, पण आता तिला वाटत होतं की बरं झालं केला. दोन आठवड्यांनी गुरुवारी नगरपालिकेची बाई घर बघायला येणार होती. आई एकटी राहू शकते की नाही, हे ती ठरवणार होती.

झुल्मिरानं पावाचा तुकडा खाली ठेवला. "मी काय करपलेलं पातेलं आहे, बाजूला काढून ठेवायला?"

"आई, तुला दिसत नाही का? आपण चिलटं खातोय."

हे खरं होतं, आणि तेच तिला लागलं. नजर जरा कमी झाली होती हे तिला माहीत होतं. बोटांनी चालून जात होतं. पण पोटच्या पोरीनं कुठल्यातरी परक्या बाईच्या हाती आपला निकाल सोपवावा, याचा तिला भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली भीती होती. हे घर सुटलं तर आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आणखी चार बाटल्या केल्या आणि प्रत्येकीत केळं घातलं. आता सात बाटल्या झाल्या. चिलटं मावळत नव्हती. रोज बुडणारी एवढी, आणि उडणारी तेवढीच्या तेवढी.

शेडमध्ये एकतीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला एक कळत होतं. माल जितका बाहेर जातो तितकाच शिल्लक राहत असेल, तर मागून कुठून तरी नवा माल येतो आहे. गुरुवारी दुपारी लिसांद्रा समुद्रावर गेली होती. झुल्मिरानं खिडकीतली जुनी बाटली उन्हात धरली आणि फिर्मिनूचं भिंग शोधून काढून डोळ्याला लावलं. उन्हानं व्हिनेगर आटून तळाला उरलं होतं. केळ्याच्या फोडी उघड्या पडून त्यांचा काळपट लगदा झाला होता. त्या लगद्यात काहीतरी बारीक, पांढरं वळवळत होतं. आणि बाटलीच्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूला, तपकिरी दाणे चिकटले होते, तिळाहूनही लहान. काही दाणे फुटून रिकामे झाले होते. तिच्या डोळ्यांदेखत एक फिकट, ओलसर चिलट काचेसारख्या प्लास्टिकवरून वर चालत गेलं, फिर्मिनूच्या पद्धतीनं पाडलेल्या भोकापाशी थांबलं आणि बाहेर पडलं.

आता तिच्या ध्यानात आलं. अंजिरावरची फळमाशी झाडावरच्या फळात, सालीखाली अंडी घालते. बाटलीतल्या पाण्यात तिचं काही वाढत नाही. म्हणून फिर्मिनूची बाटली महिनोनमहिने टांगली तरी चालायची. हे चिलट वेगळं. आंबलेलं काहीही मिळालं की ते तिथेच संसार मांडतं. तिनं बागेचा नियम घरात आणला होता आणि जूनपासून चिलटांना रोज ताजं केळं वाढत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आधी तिनं बाटली पदराआड करावी तशी एप्रनमध्ये गुंडाळली, मग कुणीच बघत नाही हे लक्षात आलं.

पण खात्री करून घेतल्याशिवाय एवढी मोठी चूक मानणारी ती नव्हती. तिनं त्या बाटलीतलं व्हिनेगर आणि मेलेली चिलटं ओतून टाकली, उडणारी सगळी हाकलून दिली, लगदा आतच ठेवला. मग भोकांवर आणि तोंडावर मलमलचं फडकं दुहेरी बांधलं आणि बाटली अंगणात सावलीला ठेवली. आता बाहेरून आत काही जाणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत अकरा चिलटं होती. लिसांद्रानं ती बाटली पाहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"आई, तू चिलटं पाळतेस?"

"बघतेय," झुल्मिरा म्हणाली आणि तिनं बाटली पुन्हा सावलीला ठेवली.

ती एक बाटली सोडून बाकी सहा तिनं घट्ट बांधून, दिवसभर कडक उन्हात तापवून, मग कचऱ्यात टाकल्या. नंतर तिनं मोर्चा घराकडे वळवला. टांगलेला घड बाहेरच्या पडवीत गेला. पिवळ्या झालेल्या फण्या आणि आंबे पाण्यानं धुऊन, पुसून जाळीच्या कपाटात गेले, आणि जाळीला आतून पातळ कापड लागलं. डाग पडलेलं, देठाशी मऊ झालेलं सगळं गास्पारच्या कोंबड्यांना. सालींचा डबा रोज सकाळी रिकामा. मोरीखालच्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या विसळून उपड्या घातल्या. लादी पुसायचं फडकं ओलं गोळा करून कोपऱ्यात ठेवायची तिची सवय होती. ते आता उन्हात वाळायला लागलं.

सापळेही बदलले. तीन काचेचे पेले, प्रत्येकात दोन बोटं द्राक्षारसाचं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. फळ नाही. पहिल्या दिवशी चिलटं नुसती व्हिनेगरावर येऊन बसली, प्यायली आणि उडून गेली. दुधाच्या सायीवर उभं राहावं तशी ती उभी राहत होती. झुल्मिरानं भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातला. मग बसेल ते आत जायला लागलं. पेल्याच्या तोंडावर कागदाचा शंकू करून ठेवला, टोकाला काडी जाईल एवढंच भोक. आत जाणाऱ्याला वाट सापडते, बाहेर येणाऱ्याला सापडत नाही. पेले फळांच्या कपाटापासून लांब ठेवले, आणि रोज सकाळी ओतून, धुऊन पुन्हा भरले. तिसरा, चौथा दिवस. पेल्यातला थर रोज पातळ होत होता. घरात कुठे कुठे उरलेले दाणे फुटून संपायला आठवडा-दीड आठवडा लागेल असा तिचा अंदाज होता. गास्पारही म्हणाला की द्राक्षं ठेचल्यावर त्याच्याकडे चिलटांची नवी पिढी यायला तेवढेच दिवस लागतात, आणि बाहेर गेलेल्या आपल्या पोरांपेक्षा ती पुष्कळ वेळेवर येते.

आठव्या दिवशी पेले पुन्हा काळे झाले. गुरुवार तीन दिवसांवर आला होता. झुल्मिरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. तिनं केलं ते सगळं बरोबर होतं, हे तिला माहीत होतं, आणि तरी चिलटं होती. कदाचित लिसांद्राचंच खरं असेल. कदाचित म्हातारं माणूस असंच असतं. सगळं बरोबर करतो असं त्याला वाटत राहतं. हा विचार आला तेव्हा तिला पहिल्यांदाच रडू आलं.

लिसांद्रा आतून आली आणि आईच्या शेजारी बसली. इतके दिवस ती बघत होती. बघायलाच तर ती आली होती. पण फडकी उन्हात टाकणारी, पेले धुणारी, धुतलेल्या फण्या पुसून ठेवणारी ही बाई तिच्या वृद्धाश्रमातल्या कुठल्याच गोष्टीत बसत नव्हती. ती उठली, एका रुंद पेल्याला आतून गोडं तेल पुसलं आणि तो मोरीच्या जाळीवर उपडा घातला. कामावर आम्ही असं करतो, म्हणाली. सकाळी पेला उचलला तर आतल्या तेलाला वीस-बावीस चिलटं चिकटली होती. ती सगळी मोरीतून वर आली होती.

मग दोघींनी मिळून मोरी उघडली. जाळीखाली नळीच्या आतल्या अंगाला बोटभर बुळबुळीत थर होता. वर्षानुवर्षांचा फळांचा रस, कॉफीचा चोथा, डाळीचं पाणी. लिसांद्रानं लांब ब्रशनं खरवडलं, झुल्मिरानं किटलीतून उकळतं पाणी ओतलं, पुन्हा खरवडलं, पुन्हा ओतलं. नुसत्या पाण्यानं तो थर हलत नाही, घासावाच लागतो, हे लिसांद्रानं सांगितलं आणि झुल्मिरानं ते ऐकून घेतलं. त्या रात्री दोघींना गाढ झोप लागली.

गुरुवारी दहाच्या सुमारास नगरपालिकेची बाई आली. ओतीलिया तिचं नाव, तिशीतली, पायात चालून मळलेले बूट. तिनं घर बघितलं, औषधांच्या गोळ्या बघितल्या, गॅस कसा बंद करता विचारलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून कॉफी घेतली. स्वयंपाकघर लख्ख होतं. आणि तेव्हा कुठून तरी एक चिलट आलं आणि ओतीलियाच्या कपाच्या काठावर बसलं. तिघींनी ते पाहिलं. लिसांद्राचा हात उचलला गेला आणि हवेतच थांबला.

झुल्मिराला वाटलं असतं तर ती म्हणाली असती की खिडकी उघडी आहे, बाहेरून आलं असेल. कदाचित तसंच होतंही. पण तिनं कप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "ओतीलियाबाई, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही आला असता तर इथे बसवलं नसतं तुम्हाला. इथे ढग होता चिलटांचा. आणि तो मी वाढवलेला होता."

मग तिनं सगळं सांगितलं. जूनपासूनच्या बाटल्या, केळ्याच्या फोडी, फिर्मिनूचा नियम, आणि तो नियम कुठे लागू पडतो आणि कुठे नाही. अंगणातून मलमल बांधलेली बाटली आणून तिनं टेबलावर ठेवली आणि दाणे दाखवले. मोरीचं लिसांद्रानं शोधून काढलं, तेही सांगितलं. ओतीलियानं बाटली प्रकाशात धरून नीट पाहिली. तिच्या घरीही असंच व्हिनेगर ठेवलेलं होतं, कधीपासून ते तिला आठवेना, असं ती म्हणाली, आणि साबण किती घालायचा ते विचारून घेतलं.

लिसांद्रा आईकडे बघत होती. आपली आई चूक कबूल करते आहे, ही गोष्ट तिनं जन्मात पाहिली नव्हती.

ओतीलियानं कागद पुढे ओढला. "अर्ज तुमचा आहे," ती लिसांद्राला म्हणाली. "तुमच्या मते आई एकटी राहू शकते का?"

लिसांद्रा खाली बघत होती.

"राहू शकते," ती शेवटी म्हणाली. "तिचं काही नाही. मीच तिकडे... रोज फोन लावला की ती उचलेपर्यंत मला भीती वाटते. हिला कुणाच्या तरी ताब्यात दिलं की ती भीती जाईल असं वाटलं मला."

ओतीलियानं पेन टेकवलं, दोन ओळी लिहिल्या. यादीत पुढच्या माणसाला जागा देऊ, म्हणाली, आणि कधी काही लागलं तर कळवा म्हणून नंबर लिहून दिला. दारापर्यंत झुल्मिरानं तिला सोडलं आणि चार आंबे तिच्या पिशवीत घातले. धुऊन ठेवा, असंही बजावलं.

ती परत आली तेव्हा लिसांद्रा टेबलापाशीच होती. झुल्मिरा तिच्यासमोर बसली. घर राहिलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण त्याच्या आत मघाचं ते वाक्य रुतून बसलं होतं. पोरगी आपल्याला अडगळ समजते असं धरून ती पंधरा दिवस भांडत होती, आणि पोरगी तिकडे रोज आपण फोन उचलेपर्यंत श्वास धरून बसत होती. एकोणीस वर्षांत झुल्मिरानं फोनवर काय खाल्लंस हे रोज विचारलं होतं. बाकी काही विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"तिकडे तू जेवतेस कुणाबरोबर?"

लिसांद्रानं वर पाहिलं. "कुणाबरोबर नाही. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर इस्त्रीचे कपडे असतात."

झुल्मिरा जन्मात विमानात बसली नव्हती. बेटावरून बोटीनं बाजूच्या बेटापर्यंत गेली होती ती एकदाच, आणि तेव्हाही वांतीनं हैराण झाली होती. तिनं हात पुढे करून लिसांद्राचं मनगट धरलं.

"ते कपडे काढून ठेव," ती म्हणाली. "नाताळला मी येतेय. महिनाभर राहीन."

लिसांद्रानं मान डोलावली, आणि मग तिला रडू आवरेना.